पुलीचं वजन किती बसेल?

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही फाउंड्रीच्या ऑफिसात बसा, हा प्रश्न कानावर पडणारच. गिऱ्हाईक पॅटर्न घेऊन आलेलं असतं, सोबत ड्रॉइंग असतंच असं नाही, आणि भाव त्याच बैठकीत सांगायचा असतो. बिडाचं कास्टिंग किलोवर विकलं जातं. नगावर भाव ठरला तरी त्यामागे वजनाचाच हिशोब असतो. समजा किलोला ११० रुपये दर आहे आणि एका पुलीचं वजन आपण दोन किलो कमी धरलं, तर पाचशे पुल्यांमागे एक लाख दहा हजार रुपये गेले. जास्त धरलं तर ऑर्डर शेजारच्या फाउंड्रीत गेली.

अनुभवी माणूस पॅटर्न हातात घेऊन, जरा फिरवून पाहून "अडतीस किलो" असं सांगतो आणि ते बऱ्याचदा बरोबर येतं. पण त्याचा अंदाज का बरोबर येतो आणि कधी साफ चुकतो, हे हिशोबातून समजून घेता येतं. या हिशोबाला लागतात तीन गोष्टी: पॅटर्नचं घनफळ, धातू थंड होताना किती आकसतो ते प्रमाण, आणि त्या धातूची घनता. पुस्तकात तिन्हींना सारखंच महत्त्व दिलेलं असतं. प्रत्यक्षात सगळ्यात मोठ्या चुका पहिल्या गोष्टीतच होतात, म्हणून तिथे जास्त वेळ थांबू.

उदाहरणाला एक साधी पुली घेऊ. बाहेरची कड म्हणजे रिम, मधे शाफ्ट बसायचा हब, आणि दोघांना जोडणारी सलग चकती. पॅटर्न सागवानी, रंग दिलेला. नेहमीच्या पट्टीने मोजलं तर रिमचा बाहेरचा व्यास ४०४ मिलिमीटर, आतला ३५४, रुंदी १०१. हबचा व्यास १०१ आणि लांबी १२१. चकतीची जाडी १६. हबच्या दोन्ही टोकांना, मध्यावर, एकेक लाकडी खुंटी बाहेर आलेली आहे: व्यास साधारण ४०, लांबी ४० मिलिमीटर.

या खुंट्यांपाशीच नवखा माणूस फसतो. पॅटर्न म्हणजे कास्टिंगची लाकडी प्रतिकृती, असं आपण सहज म्हणतो. तसं ते नसतं. पॅटर्न वाळूत दाबून काढला की वाळूत पोकळी राहते आणि त्या पोकळीत धातू ओततात. पण हबला आरपार भोक हवं असेल, तर त्या जागी वाळूचाच एक दंडगोल आडवा किंवा उभा ठेवावा लागतो. तो म्हणजे कोअर. हा कोअर अधांतरी राहू शकत नाही. त्याची दोन्ही टोकं टेकायला मोल्डमध्ये खाचा लागतात, आणि त्या खाचा पाडण्यासाठीच पॅटर्नवर या खुंट्या असतात. त्यांना कोअर प्रिंट म्हणतात. म्हणजे पॅटर्नचा हा भाग कधीच धातू होत नाही, तिथे कोअरची वाळू बसते. शिवाय हबच्या आतला, खुंटीपासून खुंटीपर्यंतचा जो भाग पॅटर्नमध्ये भरीव लाकूड आहे, तिथेही धातू येत नाही, कारण तिथून कोअर जातो. म्हणून पॅटर्नचं घनफळ मोजून झालं की त्यातून कोअर प्रिंटसकट अख्खा कोअर वजा करायचा. सोयीची गोष्ट ही, की कोअरचा साचा म्हणजे कोअर बॉक्स शेजारीच पडलेला असतो. तो कोरड्या वाळूने काठोकाठ भरावा, वाळू मापाच्या भांड्यात ओतावी, की कोअरचं घनफळ हातात.

आता पॅटर्नचं घनफळ. एक वाट भूमितीची. पुलीचे तीन तुकडे पाडायचे: रिम, चकती, हब. रिमचं घनफळ काढताना बाहेरच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ वजा आतल्याचं, गुणिले रुंदी. ते ३००६ सीसी येतं. त्याच रीतीने चकती १४४७ आणि हब ९६९. दोन्ही खुंट्या मिळून १०३. एकूण ५५२५ सीसी. शाळेतल्या गणितापलीकडे यात काही नाही.

पण पॅटर्न शाळेतल्या आकृतीइतका सरळ नसतो. वाळूतून तो अलगद वर निघावा म्हणून उभ्या बाजूंना किंचित उतार ठेवलेला असतो, त्याला ड्राफ्ट म्हणतात. चकती जिथे रिमला मिळते तिथला कोपरा पुट्टी किंवा चामड्याची पट्टी लावून गोल केलेला असतो, तो फिलेट. काटकोनी कोपऱ्यात धातूला तडा जायची भीती असते, म्हणून तो गोल करायचा. उतार आणि फिलेट यांचं घनफळ वेगळं काढत बसणं कंटाळवाणं, आणि सोडून दिलं तर आकडा कमी येतो. पुलीत फरक लहान असतो. पण गिअर बॉक्स किंवा पंपाच्या बॉडीसारखं वेडंवाकडं काम असेल, तर भूमितीने तासभर डोकं लावूनही खात्री वाटत नाही.

अशा वेळी पाणी कामाला येतं. आर्किमिडीजची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण भांडं काठोकाठ भरून सांडलेलं पाणी गोळा करण्याचा प्रकार कारखान्यात जमत नाही. पाणी कडेला चिकटतं, थेंब थेंब गळत राहतं. त्यापेक्षा सोपी रीत अशी. मोठा प्लॅस्टिकचा ड्रम अर्ध्यावर कापून काट्यावर ठेवायचा आणि त्यात पॅटर्न पूर्ण बुडेल इतकं पाणी भरायचं. काट्यावरचा आकडा शून्य करायचा. मग दोन-तीन बारीक सळ्यांनी पॅटर्न पाण्याखाली दाबून धरायचा, तळाला किंवा बाजूंना टेकू न देता. काट्यावर जो आकडा चढेल तोच पॅटर्नचं घनफळ: जितके ग्रॅम तितके सीसी. लाकूड किती जड, तुम्ही किती जोर लावला, याचा संबंध नाही. बाजूला सारलेलं पाणी जितक्या वजनाचं, तितक्या जोराने पाणी पॅटर्नला वर ढकलतं, आणि तितकाच जोर उलटा पाण्यावर, म्हणजे काट्यावर पडतो. पॅटर्न ॲल्युमिनियमचा असेल तर तो बुडेल, मग दाबण्याऐवजी दोरीने टांगून पाण्यात सोडायचा. आकडा तसाच वाचायचा.

ही रीत सोपी असली तरी तिचे खाचखळगे आहेत. आपली पुली आडवी, सपाट पाण्यात सोडली तर चकतीच्या खालच्या बाजूला, रिमच्या आत, हवा कोंडून राहते. ती हवाही पाणी बाजूला सारते, आणि आकडा एकदम तीन-साडेतीन किलोने जास्त दिसू शकतो. म्हणून पुली कडेवर उभी करून पाण्यात न्यायची, आत गेल्यावर आडवी करायची, आणि बुडबुडे यायचे थांबले की मगच आकडा वाचायचा. पॅटर्न दोन फाळक्यांचा असेल तर फाळकी जोडून सांध्यावर चिकटपट्टी लावायची, नाहीतर मधे पाणी शिरतं. रंग उडालेलं लाकूड पाणी पितं, त्याला आधी शेलॅकचा हात द्यावा आणि काम दोन मिनिटांत उरकावं. आणि ॲल्युमिनियमचे बरेच पॅटर्न हलके व्हावेत म्हणून मागून पोखरलेले असतात. ते तसेच बुडवले तर पोकळीत पाणी भरतं आणि घनफळ भलतंच कमी येतं. ती पोकळी आधी बंद करायला हवी.

आपल्या पुलीचा पॅटर्न असा बुडवला आणि काटा ५.६० किलो दाखवू लागला असं धरू. म्हणजे ५६०० सीसी. भूमितीने ५५२५ आले होते. मधले ७५ सीसी म्हणजे ते उतार आणि फिलेट. दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे इतके जवळ असले आणि फरकाचं कारणही सांगता आलं, की पुढे जायला हरकत नाही.

आता वजाबाकी. दोन्ही कोअर प्रिंट १०३ सीसी, आणि हबमधून जाणारा कोअर १५५ सीसी. एकूण २५८. उरले ५३४२ सीसी. मोल्डमध्ये धातूला मिळणारी जागा ही एवढी.

पुलीत कोअर लहान आहे, त्यामुळे ही वजाबाकी पाच टक्क्यांच्या आत राहते. पंपाच्या बॉडीत मात्र उलट परिस्थिती असते. बाहेरून पाहिलं तर दहा लिटरचा ऐवज, आत कोअर साडेसात लिटरचा, आणि धातू उरतो अवघा अडीच लिटर. इथे कोअरच्या मापात एक टक्का चूक झाली तर ७५ सीसीची चूक, म्हणजे धातूच्या वजनात तीन टक्के. दोन मोठे आकडे एकमेकांतून वजा करून लहान आकडा काढताना चूक अशी फुगते. पोकळ कामात कोअर बॉक्स नीट मोजल्याशिवाय वजन सांगू नये, असं मला वाटतं ते याच कारणाने.

पुढची पायरी आकसण्याची. वितळलेला धातू घट्ट झाल्यावर तापलेला असतो आणि गार होता होता आकसतो. बिडासाठी हे प्रमाण लांबीत साधारण एक टक्का धरतात, म्हणजे मीटरमागे दहा मिलिमीटर. पोलादासाठी दोन टक्के, ॲल्युमिनियमसाठी सव्वा टक्क्याच्या आसपास. पॅटर्न बनवणारा मिस्त्री यासाठी वेगळी पट्टी वापरतो, कॉन्ट्रॅक्शन स्केल. बिडाच्या पट्टीवर जिथे १००० मिलिमीटर लिहिलेलं असतं, ते अंतर खरोखर १०१० असतं. मिस्त्री ड्रॉइंगवरचाच आकडा पट्टीवर पाहून आखतो, आणि पॅटर्न आपोआप एक टक्का मोठा होतो. आपल्या पुलीची ४०४, १०१ अशी विचित्र मापं त्याचमुळे आहेत. कास्टिंग ४०० आणि १०० व्हायला हवं आहे.

आपण घनफळ मोजलं ते या वाढीव मापाचं. ते खऱ्या मापावर आणायचं. इथे एक टक्का वजा करून मोकळं होणं ही दुसरी नेहमीची चूक. लांबी एक टक्का कमी होते, रुंदीही आणि उंचीही. १०१ मिलिमीटरच्या घनाचा १०० मिलिमीटरचा घन झाला, तर घनफळ १०३० सीसीवरून १००० वर येतं. म्हणजे घट जवळजवळ तीन टक्के. नियम सोपा: लांबीच्या टक्क्याची तिप्पट. नेमकेपणाने करायचं तर १.०१ ने तीनदा भागायचं. ५३४२ चे असे ५१८५ सीसी उरतात. पोलादात दोन टक्क्यांचे सहा होतात, तिथे हे विसरणं जास्त महागात पडतं.

पॅटर्न कशासाठी बनला होता हे विचारणंही इथे गरजेचं आहे. ज्या कामाचे हजारो नग काढायचे असतात त्याचा पॅटर्न ॲल्युमिनियमचा करतात, आणि तो ॲल्युमिनियमचा पॅटर्नही ओतूनच बनतो. त्यासाठी आधी एक लाकडी पॅटर्न लागतो, तो मास्टर. मास्टरमध्ये दोनदा आकसण्याची तजवीज असते: एकदा ॲल्युमिनियमची, एकदा बिडाची. लांबीत मिळून सव्वादोन टक्क्यांच्या वर. कुणी कपाटातला मास्टर काढून आणला आणि आपण तो साधा पॅटर्न समजून वजन काढलं, तर आकडा चार टक्के जास्त येतो. मास्टरवर बहुतेक ठिकाणी तशी खूण केलेली असते. नसेल तर ड्रॉइंगवरचं एक मोठं माप घेऊन पॅटर्नवर ताडून पाहावं. ४०० च्या जागी ४०४ असेल तर साधा पॅटर्न, ४०९ असेल तर मास्टर.

आकसण्याबद्दल एक गोंधळ बऱ्याच जणांचा होतो, तोही इथेच दूर करू. धातू दोनदा आटतो. एकदा द्रवाचा घन होताना, आणि पुन्हा घन झाल्यावर गार होताना. पहिल्या वेळी जी तूट येते ती भरून काढायला मोल्डमध्ये धातूचा जादा साठा ठेवलेला असतो, रायझर. तो वरून धातू पुरवत राहतो, त्यामुळे कास्टिंग मोल्डच्या मापाचंच घट्ट होतं. पॅटर्नमध्ये वाढवलेला एक टक्का हा फक्त दुसऱ्या टप्प्याचा असतो. म्हणून वजनाच्या हिशोबात द्रवाची तूट पुन्हा वजा करायची नाही. ती रायझरच्या हिशोबात जाते, कास्टिंगच्या नाही.

राहिली घनता. बिडाला सरसकट ७.२ धरायची पद्धत आहे, म्हणजे एक सीसी ७.२ ग्रॅमचा. पोलाद ७.८५ असताना बीड इतकं हलकं का? कारण बिडात तीन टक्क्यांहून जास्त कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या बारीक पाकळ्यांच्या रूपाने लोखंडात पसरलेला असतो. ग्राफाइट फार हलकं, सीसीला २.२ ग्रॅमच्या आसपास. वजनाने ते तीन टक्के दिसलं तरी जागेच्या हिशोबाने बिडाचा जवळजवळ दहावा भाग व्यापतं. त्यामुळे बिडाची घनता ग्राफाइटच्या प्रमाणाबरोबर खालीवर होते. मऊ, जास्त कार्बनचं, कमी ताकदीचं बीड ७.०५ च्या आसपास, जास्त ताकदीचं ७.२५ आणि वर. आयएस २१० या मानकात बिडाच्या प्रती एफजी १५०, एफजी २००, एफजी २६० अशा दिल्या आहेत. नावातला आकडा ताणाच्या ताकदीचा. जसजशी ताकद वाढते तशी घनताही थोडी वाढते. आपली पुली एफजी २६० ची धरली तर ७.२ योग्य आहे.

खात्री करायची असेल तर स्वतःच्या भट्टीच्या बिडाची घनता काढता येते. मघाचा पाण्याचाच प्रयोग, फक्त लहान काट्यावर. बिडाचा भरीव, स्वच्छ तुकडा आधी कोरडा तोलायचा. मग दोरीने पाण्यात टांगून काटा किती चढतो ते पाहायचं. समजा तुकडा १८४० ग्रॅमचा भरला आणि पाण्यात टांगल्यावर काटा २५६ ग्रॅम चढला, तर भागाकार ७.१९. हा आकडा पुस्तकातल्या कोष्टकापेक्षा जास्त विश्वासाचा, कारण तो आपल्याच भट्टीचा आहे. तुकड्यात पोकळी असेल तर तो फसवतो, म्हणून दोन-तीन तुकडे घ्यावेत.

५१८५ सीसी गुणिले ७.२, म्हणजे ३७.३ किलो. हिशोब इथे पुरा झाला. मुळातले ५६०० सीसी तसेच ७.२ ने गुणले असते तर ४०.३ आले असते, तीन किलो जास्त. या तीन किलोंत कोअरचा वाटा आकसण्यापेक्षा मोठा आहे. पॅटर्नवर हाच कोअर ठेवून हीच पुली पोलादात ओतली तर? इथे लोक ३७.३ ला ७.८५ भागिले ७.२ ने गुणतात आणि ४०.७ सांगतात. पण पोलाद बिडाच्या दुप्पट आकसतं, त्यामुळे त्याच मोल्डमधून निघणारं कास्टिंगच लहान होतं. खरा आकडा साडेएकोणचाळीसच्या जवळ येतो. अर्थात ते मापातही बसणार नाही, पण वजनाचा प्रश्न असाही विचारला जातो.

आणि तरीही, पहिली पुली ओतून, वाळू झाडून, रनर-रायझर तोडून, फेटलिंग करून काट्यावर ठेवली की काटा बऱ्याचदा ३८ च्या पुढे जातो. हिशोब चुकला का? नाही. मोल्ड हलला.

वाळूचा मोल्ड दगडासारखा पक्का नसतो. पॅटर्न काढण्याआधी तो ठोकून सैल करतात, तेव्हाच पोकळी थोडी रुंदावते. मग वितळलेल्या बिडाचा दाब येतो, ओली वाळू तापते, आणि भिंती किंचित मागे सरतात. बिडात तर घट्ट होताना ग्राफाइट तयार होतं, ते जागा जास्त घेतं, आणि आतून बाहेर रेटा देतं. वाळू नीट ठासलेली नसेल तर ती या रेट्यापुढे हटते. आपल्या पुलीच्या सगळ्या पृष्ठभागांचं क्षेत्रफळ मिळून सुमारे ५१०० चौरस सेंटीमीटर भरतं. प्रत्येक भिंत फक्त ०.३ मिलिमीटर मागे सरली तरी १५० सीसी जागा वाढते, आणि कास्टिंग एक किलोहून थोडं जास्त जड होतं. ०.३ मिलिमीटर म्हणजे तीन-चार कागदांची जाडी. डोळ्याला दिसतही नाही.

या एक किलोकडे जरा लक्ष द्या. आकसणं हिशोबात धरलं नसतं, म्हणजे ५३४२ ला सरळ ७.२ ने गुणलं असतं, तर ३८.५ किलो आले असते. मोल्ड हलल्यामुळे वाढलेलं वजन आणि आकसण्यामुळे घटलेलं वजन या पुलीत जवळपास सारखं आहे, आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. आकसणं न धरणाऱ्या जुन्या माणसाचा "अडतीस किलो" हा अंदाज म्हणून बरोबर येतो. पण हा मेळ या पुलीपुरता आहे. भरीव, ठोकळ्यासारखं काम असेल, समजा एखादं काउंटरवेट, तर घनफळाच्या मानाने पृष्ठभाग कमी असतो. मोल्ड हलल्याचा परिणाम एक टक्काही होत नाही, आकसण्याचे तीन टक्के मात्र पूर्ण लागतात, आणि अंदाज जड येतो. उलट सहा मिलिमीटर जाडीच्या पातळ कव्हरात दोन्ही बाजू ०.३ ने सरल्या की जाडीच दहा टक्क्यांनी वाढते. तिथे तोच जुना अंदाज हलका पडतो. पातळ कामात गिऱ्हाइकाशी वजनावरून वाद होतात ते बहुतेक यामुळे, आणि त्यावर उपाय हिशोबात नसून वाळू ठासण्यात आहे. मोल्डची कठिणता मोजायचं छोटं घड्याळी यंत्र मिळतं. ते प्रत्येक पाळीत चार ठिकाणी टेकवून पाहिलं तर वजन का चढतंय याचं उत्तर मिळतं.

आकसण्याचा एक टक्काही सगळीकडे पुरता येत नाही. पुलीत रिम आणि हब यांच्यामध्ये घट्ट वाळू असते, तीच रिमला आत यायला अडवते. त्यामुळे प्रत्यक्षात ०.७ टक्केच आकसलं असं होऊ शकतं. वजनावर त्याचा परिणाम म्हणजे फक्त तीनशे-साडेतीनशे ग्रॅम. मापाच्या दृष्टीने हे महत्त्वाचं, वजनाच्या दृष्टीने फारसं नाही. म्हणूनच वजनाचा अंदाज करताना आकसण्याचा टक्का दशांशापर्यंत घासत बसण्यापेक्षा कोअर दोनदा मोजावा.

लाकडाच्या वजनावरून कास्टिंगचं वजन काढायची एक जुनी रीतही आहे. पॅटर्न तोलायचा आणि लाकडानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचं. सागासाठी तो आकडा अकराच्या आसपास, कारण कोरडा साग सीसीला साधारण ०.६५ ग्रॅम भरतो. हलक्या पाइनला सोळाच्या आसपास. घाईत एवढंच हाताशी असेल तर वापरावं, पण ही रीत लाकूड एकसारखं असण्यावर उभी आहे. पावसाळ्यात लाकूड ओलावा धरून जड होतं. पॅटर्नमध्ये प्लायवूड, खिळे, पुट्टी, पितळी डॉवेल असं काय काय असतं. आणि कोअर प्रिंट व कोअर यांचं लाकूड इथेही वजा करावंच लागतं. पाण्याच्या रीतीत लाकूड कोणतं आहे याने काहीच बिघडत नाही, म्हणून मला ती कितीतरी जास्त भरवशाची वाटते.

गिऱ्हाइकाशी बोलताना आणखी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी: वजन कुठलं? ड्रॉइंगच्या कोपऱ्यात लिहिलेलं वजन बहुतेक वेळा मशीनिंग झालेल्या मालाचं असतं. पॅटर्नमध्ये मात्र लेथवर काढून टाकायचा दोन-तीन मिलिमीटरचा थर धरलेला असतो. आपल्या पुलीच्या रिमवरून आणि हबमधून तो थर निघाला की दोन-तीन किलो बीड छिलक्यांत जातं. फाउंड्री कास्टिंग विकते, तिचा भाव मशीनिंगच्या आधीच्या वजनावर. आणि भट्टीवाल्याला तिसराच आकडा हवा असतो. रनर, रायझर धरून मोल्डमध्ये जेवढं ओतायचं, त्यातलं समजा ७० टक्के कास्टिंग म्हणून हाती लागतं. मग ३७.३ किलोच्या पुलीसाठी लाडलमध्ये ५३ किलोंच्या वर बीड हवं. हा आकडा कमी सांगितला तर ओतणं मध्येच संपतं आणि पुली अर्धवट राहते.

पहिल्या पाच पुल्या तोलून त्यांची सरासरी काढावी आणि तिला हिशोबातल्या वजनाने भागावं. समजा ३८.३ भागिले ३७.३, म्हणजे १.०२७. हा आकडा पॅटर्नच्या नोंदवहीत लिहून ठेवला की पुढच्या वेळी तशाच जाडीच्या, तशाच वाळूतल्या पुलीला तोच लावता येतो. गुणोत्तर पुढे हळूहळू चढत गेलं तर वाळू सैल ठासली जाते आहे, किंवा कोअर झिजलेले, बारीक होत आहेत. अचानक घसरलं तर पॅटर्न कुणीतरी घासला आहे, किंवा बिडातला कार्बन वाढला आहे.

काटा काही गोष्टी सांगू शकत नाही. हबच्या आत ५० सीसीची पोकळी राहिली असेल तर पुली ३६० ग्रॅमने हलकी होते, म्हणजे एक टक्का. इतका फरक एका पुलीतून दुसऱ्या पुलीत तसाही पडतो, त्यामुळे तो लक्षात येत नाही. कोअर जागेवरून सरकला तर हबची भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ होते, पण एकूण धातू तेवढाच राहतो आणि वजन अगदी बरोबर भरतं. म्हणून त्या पाच पुल्यांतली एक हबमधून आडवी कापावी आणि भिंतीची जाडी चारही बाजूंनी कॅलिपरने मोजावी.